पाटी बदलली की गावाला काय कळतं? चाळीस वर्षांच्या मिठाईच्या दुकानाचा प्रश्न

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, किंवा इअरफोन घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे "हं" आणि "म्हणजे कसंय ना" काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या एका इंजिनीअरिंगच्या मित्राच्या घरून आला. त्यांचं मिठाईचं दुकान आहे. शहापूरच्या बाजारपेठेत १९८५ पासून, आणि मुरबाडला नंतर काढलेली एक शाखा. शहापूरचं मित्राचे बाबा बघतात, मुरबाडचं त्याचे काका. दोन्हीकडचा माल एकाच भट्टीवरचा. दुकानाचं आणि घरच्यांचं नाव इथे घेणार नाही, त्यांनी तशी अट घातली होती. एवढंच सांगतो की पाटीवर एका देवाचं नाव आहे आणि पुढे "स्वीट मार्ट". अशा नावाची दुकानं तुमच्याही गावात दोन-तीन असतील.

झालं असं की मित्राची चुलत बहीण आता मुरबाडच्या काउंटरवर बसते. तिनं एका डिझायनरकडून पूर्ण नवं नाव करून आणलं. एकच छोटा इंग्रजी शब्द, बारीक अक्षरं, फिकट हिरवा रंग. मित्राचं म्हणणं, नाव राहू दे, फक्त लोगो साफ कर. बाबांचं म्हणणं, कशालाच हात लावू नका. ते एक वाक्य बोलले ते मला महत्त्वाचं वाटतं: "बोर्ड बदलला की लोक पेढा विचारणार नाहीत, भावाभावात फाटलं का ते विचारतील." आणि हे सगळं श्रावणाच्या आधी ठरवायचं होतं, कारण दिवाळीच्या खोक्यांची ऑर्डर छापखान्याला तेव्हाच द्यावी लागते. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून लोगोचं कळत असेल असं समजून मला बोलावलं. लोगो काढण्यातलं मला फार कळत नाही. पण एखादी चालू सिस्टीम बदलायची की दुरुस्त करायची, हा प्रश्न आम्हाला रोजचा असतो.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. या भागात "रीब्रँड" म्हणजे नाव बदलणं. नाव गेलं की पाटी, खोका, बिल, रंग सगळं नव्यानं. "रिफ्रेश" म्हणजे नाव तेच, फक्त अक्षरं, चित्र, मांडणी साफ करणं. दोन्हीच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, पण निर्णयाची खरी रेघ नावावर आहे. नाव तेच ठेवलं तर बाकीची चूक पुढच्या वर्षी सुधारता येते. नाव बदललं की परत जाणं फार महाग.

लोक दुकानाला काय म्हणतात

घरचे तिघंही "आपला ब्रँड" म्हणत होते आणि तिघांच्या डोक्यात वेगवेगळ्या गोष्टी होत्या. बहिणीच्या डोक्यात लोगो, मित्राच्या डोक्यात नाव, बाबांच्या डोक्यात आजोबा. म्हणून आम्ही ठरवलं की आपण भांडायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारू. पण "तुम्हाला आमचा लोगो आवडतो का" असं विचारून काहीच कळत नाही. लोक चांगलं बोलतात आणि पेढे घेऊन जातात.

आम्ही दोनच गोष्टी केल्या. पैसे देऊन झाल्यावर विचारायचं: "ही मिठाई कुठून आणली, असं घरी कसं सांगाल?" आणि जे उत्तर येईल ते शब्द न बदलता वहीत लिहायचं. नंतर काउंटरवर चार रिकामे खोके ठेवायचे, चार वेगवेगळ्या दुकानांचे, नावावर कागद चिकटवून. "यातला आमचा कुठला?" बस्स. दोन्ही गावांत तीस-तीस माणसं. नातेवाईक आणि शेजारचे दुकानदार वगळून. आणि एकाच वेळी सगळी माणसं विचारायची नाहीत, कारण सकाळी एसटीच्या वेळेला येणारं गिऱ्हाईक वेगळं, बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून येणारं वेगळं, संध्याकाळी आसनगाव स्टेशनवरून रिक्षानं परतणारं वेगळं.

तीस हा आकडा लहान आहे, याच्यावरून टक्केवारी काढत बसू नका. पण उत्तरं इतकी एका बाजूला झुकली की शंका उरली नाही. शहापुरात पाटीवरचं नाव जसंच्या तसं घेणारे पाचच. बहुतेकांनी आजोबांचं नाव घेतलं, "अमुक अण्णांकडून". आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि पाटीवर ते कधीच नव्हते! मुरबाडला तर वेगळीच गंमत. तिथे पाटीवरचं नाव नाही, अण्णाही नाहीत. तिथे म्हणतात "शहापूरवाल्यांकडून आणली".

लोगोत एक कमळ आहे आणि त्यामागे सूर्यकिरणं. ते कमळ आपणहून आठवणारं दोन्ही गावांत मिळून कोणी भेटलं नाही. पण खोका? नाव झाकलेलं असूनही बहुतेकांनी पिवळा खोका आणि त्याची लाल किनार लगेच ओळखली. एका आजींनी खोक्याकडे बघितलंही नाही, हात लावून म्हणाल्या, "हा, याचं झाकण घट्ट बसतं."

म्हणजे ज्या कमळावरून घरात वाद चालू होता त्याला बाजारात काही किंमत नव्हती. किंमत होती ती अण्णांच्या नावाला, "शहापूर" या शब्दाला आणि पिवळ्या-लाल खोक्याला. बहिणीच्या नव्या डिझाइनमध्ये या तीनही गोष्टी जात होत्या.

खोक्याचा रंग किती काम करतो याचं जगातलं गाजलेलं उदाहरण ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचं आहे. पेप्सिकोनं २००९ मध्ये अमेरिकेत त्याचा खोका बदलला. आधीच्या खोक्यावर संत्र्यात खुपसलेली नळी होती, ती काढून रसाचा ग्लास आणला, अक्षरं बारीक आणि आधुनिक केली. रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण वीस टक्के घसरल्याच्या बातम्या आल्या आणि कंपनीनं जुना खोका परत आणला. लोकांना नवा खोका कुरूप वाटला असेल-नसेल, मुख्य गोष्ट म्हणजे फळीवर हात घालताना त्यांना आपला रस सापडेना. लग्नाच्या घरात पाच दुकानांचे खोके एकावर एक रचलेले असतात, तिथे हेच होतं.

मिठाईत नाव बदलणं म्हणजे हात बदलणं

आता बाबांचं वाक्य. मला आधी ते भावनिक वाटलं होतं. पण विचार केला तर त्यात धंद्याची अगदी कोरडी माहिती आहे.

मोबाईलच्या दुकानानं नाव बदललं तर मोबाईल तोच राहतो. मिठाईचं तसं नाही. पेढ्याची चव खवा किती परतला, साखर कधी घातली, कारागीर कोण आहे यावर असते, आणि गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती पाटी. पाटी बदलली तर तो सरळ अंदाज करतो: दुकान विकलं, किंवा वाटण्या झाल्या, किंवा आचारी बदलला. तिन्हीचा अर्थ एकच, की आता चव तीच असेल याची खात्री नाही. मग लग्नाची पन्नास किलोची ऑर्डर देणारा माणूस आधी पाव किलो नेऊन बघतो. किंवा दुसरीकडे जातो. तालुक्याच्या गावात ही बातमी पोचायला जाहिरात लागत नाही.

आणि लोक असा अंदाज उगाच करत नाहीत. मिठाईच्या धंद्यात घराणी फुटतात आणि नावावरून कोर्टात जातात, हे खरंच होतं. हल्दीराम घ्या. बिकानेरमधून सुरू झालेलं एकच घराणं. पुढे त्याच्या शाखा कोलकाता, नागपूर, दिल्ली अशा झाल्या. १९७४ मध्ये जी वाटणी झाली तिच्यात नावाचा हक्क प्रदेशाप्रमाणे वाटला गेला: पश्चिम बंगाल एकीकडे, बाकी देश दुसरीकडे. पुढे कोलकात्याच्या बाजूनं दिल्लीत करोल बागेत त्याच नावानं दुकान निघालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यातला एक कायदेशीर मुद्दा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, तो असा की भागीदारी संस्था नोंदलेली नसेल तर तिला नावासाठी दावा लावता येतो का. न्यायालयानं सांगितलं, येतो. आणि इतकं सगळं झाल्यावरही कोणत्याच बाजूनं "हल्दीराम" हा शब्द सोडला नाही. लोगो वेगळे झाले, खोके वेगळे झाले, नाव मात्र सगळ्यांनी धरून ठेवलं. नागपूर आणि दिल्लीच्या बाजूंनी पाकीटबंद मालाचा धंदा अलीकडे पुन्हा एकत्र केला, तोही त्याच नावावर.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर पुण्यात २०२५ मध्ये चितळे बंधूंच्या बाजूनं पोलिसांत तक्रार झाली. बाकरवडीचं दुसरं एक पाकीट बाजारात आलं होतं, त्यावरही "चितळे" होतं, आणि तक्रारीप्रमाणे चितळे बंधूंचा संपर्काचा तपशीलही छापलेला होता. चव वेगळी लागते म्हणून गिऱ्हाइकांनी कळवलं, तेव्हा हे लक्षात आलं. आडनावावर दुकान असलं की हा धोका कायमचा असतो, कारण त्या आडनावाचा दुसरा माणूस आपलं नाव प्रामाणिकपणे वापरत असेल तर कायदा त्याला एकदम अडवत नाही. अडचण सुरू होते ती फसवणूक वाटावी असं वापरलं की.

नाव आपलं आहे का, हे कागदावर

इथे मात्र बहिणीच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा होता, आणि तो तिला स्वतःलाही माहीत नव्हता. देवाचं नाव अधिक "स्वीट मार्ट" हे नाव कायद्यानं फार दुबळं आहे.

ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर कोणालाही फुकट शोध घेता येतो. मिठाई ३० क्रमांकाच्या वर्गात येते. आम्ही तिथे पाटीवरचं नाव टाकलं तर त्या देवाच्या नावाचे इतके अर्ज निघाले की मोजणं सोडून दिलं. कायदा म्हणजे १९९९ चा ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट. त्याच्या कलम ९ प्रमाणे नुसतं वर्णन करणारं किंवा नुसतं गावाचं नाव सहज नोंदवता येत नाही. "स्वीट मार्ट" हे वर्णन झालं. "शहापूर" हे गाव झालं. खूप वर्षांच्या वापरामुळे लोक ते नाव एकाच दुकानाशी जोडतात असं दाखवलं तर वाट उघडते, पण ते दाखवायला पुरावा लागतो.

मग बहिणीचा नवा इंग्रजी शब्द टाकून बघितला. तोही निघाला! स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं, उच्चार तोच, वर्ग तोच ३०. वेबसाइटवर उच्चाराप्रमाणे शोधायची वेगळी सोय आहे, ती डिझायनरनं वापरलीच नव्हती. गूगलवर नाव दिसलं नाही म्हणून मोकळं आहे असं धरलं होतं. नाव बदलायचं ठरवलं असतं तर दोन्ही पाट्या आणि हजारो खोके छापून झाल्यावर कुठल्या तरी वकिलाची नोटीस आली असती. कोणी नवं नाव सुचवलं की चित्र बघायच्या आधी हा शोध घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जुन्या नावाची नोंदणी नसली तरी हातात काहीच नाही असं नाही. कलम ३४ प्रमाणे, जो माणूस एखादं नाव आधीपासून सलग वापरतोय त्याला नंतर नोंदणी करणारा सहसा थांबवू शकत नाही. म्हणजे १९८५ ची चाळीस वर्षं ही या घरची खरी संपत्ती आहे. पण ती त्या नावालाच चिकटलेली आहे. नाव टाकलं की घड्याळ शून्यावर येतं. माझ्या मते रीब्रँडच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच, आणि घरात तो कोणीच मांडत नव्हतं.

म्हणून पुढचे तीन रविवार आम्ही कपाटं उपसली. पहिला गुमास्ता परवाना सापडला. नव्वदच्या दशकातली काही बिलबुकं सापडली, त्यांच्यावर नाव, पत्ता, तारीख. जत्रेच्या एका स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात. आणि एक लग्नाचा फोटो, ज्यात मागे दुकानाची पाटी दिसते. अर्जात "कधीपासून वापरता" हे लिहायचं असतं आणि त्याला जोडून प्रतिज्ञापत्र व पुरावे द्यायचे असतात, तिथे हेच कागद लागतात. यातलं बरंच काही पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं असतं.

फी सांगतो. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लहान उद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये. इतरांना ९,०००. लहान उद्योगाची सवलत घ्यायची तर उद्यमचा दाखला लागतो. अर्जानंतर तपासणीचा अहवाल येतो, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते चुकवलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं, आणि लहान दुकानदारांचे अर्ज इथेच मरतात, कारण ईमेल कोणी उघडत नाही. पुढे जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण.

अर्ज शब्दाचा करायचा की चित्राचा? फक्त लोगोचं चित्र नोंदवलं आणि पाच वर्षांनी लोगो बराच बदलला, तर नव्या चित्रासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. नोंदलेल्या चिन्हात ओळख बदलेल असा फेरफार करता येत नाही. शब्द नोंदवता आला तर तो कुठल्याही अक्षरात, कुठल्याही रंगात चालतो. म्हणून त्यांनी अण्णांचं नाव जोडून पूर्ण नावाचा शब्दरूपात अर्ज करायचं ठरवलं. देवाच्या नावापेक्षा अण्णांचं नाव जास्त वेगळं आहे, आणि लोक तेच घेतात.

आणि अर्ज कोणाच्या नावानं? माझा मित्र पटकन म्हणाला, "माझ्या नावानं टाकतो, ओटीपी माझ्याच फोनवर येतात." बाबांनी फक्त काकांकडे बघितलं. अर्ज दोघा भावांच्या भागीदारी संस्थेच्या नावानं गेला. हल्दीरामची गोष्ट मी त्याच्या आदल्याच आठवड्यात सांगितली होती, तिचा उपयोग झाला असावा.

मग रिफ्रेशमध्ये नक्की काय केलं

नाव राहिलं. पण "काहीच हात लावू नका" हेही चालणार नव्हतं. याचं कारण फोन आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानाचं चित्र नखाएवढ्या गोलात दिसतं. जुना लोगो तिथे टाकला तर कमळ, किरणं आणि सगळं नाव मिळून एक लालसर डाग दिसतो. तुमच्या घरच्या दुकानाचा लोगो असेल तर हे आत्ता करून बघा: स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपला तो लावा, दुसऱ्याच्या फोनवर चॅटची यादी उघडा आणि हात लांब करून बघा. वाचता आलं नाही तर तो लोगो फोनसाठी निकामी आहे. त्याच्यातलं एक अक्षर किंवा एक आकार वेगळा काढावा लागेल.

दुसरी अडचण म्हणजे मूळ लोगो कोणाकडेच नव्हता. १९८५ ची पाटी पेंटरनं हातानं रंगवलेली. पुढे छापखान्यानं तिच्यावरून खोका केला, मग फ्लेक्सवाल्यानं खोक्याचा फोटो काढून फ्लेक्स केला, मुरबाडच्या पाटीसाठी त्या फ्लेक्सचा फोटो. दर वेळी अक्षरं थोडी फुगली, रंग थोडा सरकला. दोन गावांच्या पाट्या शेजारी ठेवल्या तर पिवळाही एक नव्हता. मग सगळ्यात जुन्या, स्पष्ट बिलबुकावरून अक्षरं पुन्हा रेखाटून घेतली, अशा फाइलमध्ये जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. रंगाचे आकडे एकदाच ठरवून कागदावर लिहिले, म्हणजे दोन्ही छापखान्यांना तेच देता येतील.

पेंटरच्या अक्षरांबद्दल एक आडवळण घेतो. डिझायनरनं आधी ती अक्षरं टाकून तयार फॉन्ट लावला होता. त्यात "ल" आणि "श" हिंदी वळणाचे आले. आपला मराठी "ल" दोन सारख्या पाकळ्यांचा असतो, "श" देठाचा असतो. काउंटरवरच्या कोणाला नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नाही, पण "हे आपल्यासारखं वाटत नाही" असं दोघंतिघं म्हणाले. काही चांगल्या फॉन्टमध्ये सॉफ्टवेअरला मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की ही अक्षरं आपोआप बदलतात. सांगितलं नाही तर हिंदी वळण येतं. शेवटी फॉन्ट ठेवलाच नाही, पेंटरचीच अक्षरं साफ करून घेतली. मला विचाराल तर अख्ख्या कामातली ही सगळ्यात चांगली गोष्ट झाली.

पाटीवर मराठीला पर्याय नाही, हेही लक्षात असू द्या. दुकानांच्या कायद्यात २०२२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरीत आधी हवी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. बहिणीच्या पहिल्या डिझाइनमध्ये मराठी खाली कोपऱ्यात होती, ती पाटी तशी लावताच आली नसती.

खोका पिवळाच ठेवला, लाल किनार ठेवली, घट्ट झाकण ठेवलं. कमळ बारीक करून झाकणाच्या आत नेलं, तेही बाबांना वाईट वाटू नये म्हणून. नावाखाली अण्णांचं नाव आणि "शहापूर, १९८५ पासून" अशी एक ओळ आली. ही ओळ मुरबाडच्या पाटीवरही तशीच, कारण तिथले लोक त्यांना शहापूरवाले म्हणूनच ओळखतात. लोक तोंडानं जे म्हणत होते तेच पाटीवर आलं.

बदल सोडायचा कसा

आधी नाव कुठे कुठे लिहिलंय याची यादी केली. दोन पाट्या, चार मापांचे खोके, पिशव्या, बिल, ट्रेमधल्या चिठ्ठ्या, टेम्पो, अन्न परवाना, जीएसटी, बँक, यूपीआयचा क्यूआर, गूगल मॅप्स. ही यादी बघूनच बहीण थोडी शांत झाली. नाव बदललं असतं तर यातलं प्रत्येक बदलावं लागलं असतं, आणि एक जरी राहिलं तरी घोळ. क्यूआरचंच बघा. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पाटीवर एक नाव, फोनवर दुसरं. ते थांबतं, "पैसे कोणाला चाललेत?" विचारतं, आणि मागे रांग उभी राहते. गूगल मॅप्सवर लोक नवं नाव म्हणून नवीन नोंद उघडतात, तिथे जुन्या नोंदीचे फोटो आणि अभिप्राय आपोआप येत नाहीत.

रिफ्रेशमध्ये हे सगळं एका दिवसात करायची गरज नसते. जुने खोके साधारण चार हजार उरले होते. ते टाकायचे नाहीत, संपेपर्यंत वापरायचे. दोन्ही खोके पिवळे-लाल असल्यामुळे मध्ये कोणाला फरक जाणवला नाही. सुरुवात ट्रेमधल्या चिठ्ठ्यांपासून केली. सुट्या मिठाईच्या ट्रेवर "या तारखेपूर्वी खावी" असं लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, त्यामुळे त्या चिठ्ठ्या तशाही रोज लिहाव्या लागतात. नवी अक्षरं पहिल्यांदा तिथे आली. स्वस्तात स्वस्त, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी बदलता येतं.

आमच्या कामात नवा बदल आधी थोड्या लोकांना दाखवतात, बिघडलं नाही तर सगळ्यांना. मी सुचवलं, पाटी आधी फक्त मुरबाडला बदलू, दोन महिने बघू. तिथे एमआयडीसीतलं आणि माळशेजला जाणारं नवं गिऱ्हाईक आहे, त्याला जुनी पाटी माहीतच नाही. काकांनी ते एका झटक्यात उडवलं: "एका गावात नवी पाटी, एका गावात जुनी, म्हणजे वाटण्या झाल्या हे आपणच लिहून दिलं." बरोबर होतं ते. दोन्ही पाट्या एकाच दिवशी चढल्या, दोन्ही भाऊ दोन्हीकडे उभे राहिले, सकाळी शहापूर आणि दुपारी मुरबाड. तारीख गणपतीनंतर आणि नवरात्राच्या आधीची धरली. मोदकांच्या गर्दीत नको, आणि दिवाळीच्या तोंडावर तर नकोच.

पहिले काही दिवस काउंटरवर कोण काय विचारतं ते त्याच वहीत लिहीत होते. "पाटी छान झाली" असं म्हणणारे होते. "अण्णांचं नाव लावलं ते बरं केलं" असं बरेच म्हणाले. "दुकान विकलं का?" असं शहापुरात एकानं विचारलं, तो महामार्गावरून वर्षातून एकदा थांबणारा नाशिकचा माणूस होता.

बहिणीचं समाधान पूर्ण झालेलं नाही. मुरबाडला केक आणि चॉकलेटची मिठाई वेगळ्या काउंटरवर, वेगळ्या नावानं काढायची तिची इच्छा आहे. त्यात मला गैर काही दिसत नाही, कारण तिथे चाळीस वर्षांचं काही पणाला लागत नाही. नवा शब्द तिनं शोधलाय. या वेळी ट्रेडमार्कच्या वेबसाइटवर उच्चारानं शोधून, ३० च्या वर्गात मोकळा दिसला तेव्हाच डिझायनरला फोन केला.